जर्मनच्या पातेल्याला लागलेला बिबड्याचा घाटा: सोडा की नुसतं पाणी?

प्रश्न: जळगावला सासरी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा शिजवताना जर्मनच्या मोठ्या पातेल्याला बुडाला चांगलाच लागला. काळा थर घासून निघत नाही. खाण्याचा सोडा टाकून पाणी उकळू का, की नुसतं पाणी पुरेल? पातेलं सासूबाईंचं जुनं आहे, खराब व्हायला नको.

उत्तर:

ताई, नुसतं पाणी. जर्मनच्या भांड्यात सोडा टाकून पाणी अजिबात उकळू नका. हेच पातेलं स्टीलचं असतं तर मी सोडा घ्या म्हणाले असते. इथे प्रश्न भांड्याच्या धातूचा आहे, आणि थोडा काय लागलं आहे त्याचाही.

आधी खात्री करून घ्या की पातेलं खरंच जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं आहे. आकाराच्या मानाने हलकं लागतं, चकाकी मंद असते, आणि ओला पांढरा फडका आतून जोरात फिरवला तर फडक्याला राखाडी रंग येतो. लोहचुंबकावर विसंबू नका. जर्मनला तो चिकटत नाही हे खरं, पण चांगल्या प्रतीच्या बऱ्याच स्टीललाही चिकटत नाही.

आता तो थर. घाटा म्हणजे ज्वारीचं पीठ, त्यात बहुतेक स्टार्चच. बुडाला लागतो तेव्हा एकसारखा लागत नाही. अगदी धातूला टेकलेला भाग जळून कोळसा होतो, त्याच्यावर तपकिरी, कडक झालेला भाग असतो आणि सगळ्यात वर नुसता चिकटून वाळलेला घाटा. कोळसा कशातच विरघळत नाही, पाण्यात नाही, सोड्यात नाही, लिंबातही नाही. पण तो सलग पत्र्यासारखा नसतो. त्याला भेगा असतात आणि मध्ये मध्ये पूर्ण न जळलेलं पीठ असतं. कोमट पाणी त्या भेगांतून आत जातं, पीठ फुगतं, आणि फुगताना कोळशाला खालून सोडवतं. म्हणून घाट्याच्या बाबतीत खरं काम पाणी आणि वेळ करतात. हाताच्या जोराने फक्त पातेल्यावर ओरखडे पडतात, आणि पुढच्या वेळी घाटा त्याच ओरखड्यांत धरतो.

आमच्या शेजारी गेल्या उन्हाळ्यात हेच झालं होतं. भलं मोठं पातेलं, मध्यभागी ताटलीएवढा काळा डाग, थर रुपयाच्या नाण्याइतका जाड. त्याला काय केलं ते क्रमाने सांगते.

वरचा सुटा घाटा लाकडी उलथन्याने काढून घेतला आणि पातेलं गार होऊ दिलं. तापलेल्या पातेल्यात गार पाणी ओतू नका. पातळ बूड वाकतं, मग पातेलं शेगडीवर डुगडुगतं आणि पुढे एकाच जागी तापून परत लागतं. गार झाल्यावर थराच्या वर दोन बोटं पाणी येईल एवढं पाणी घातलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी वरचा घाटा मऊ लगदा झाला होता. तो काढून टाकला, कारण तो तसाच ठेवून तापवला तर खळ होते आणि तीच परत बुडाला बसते.

मग पुन्हा दोन बोटं स्वच्छ पाणी, झाकण आणि सगळ्यात बारीक आच. खळखळ उकळी नको. बुडातून लहान बुडबुडे सुटत राहतील आणि वाफ निघत राहील, एवढंच. वीस मिनिटांनी गॅस बंद केला आणि झाकण न काढता पाणी कोमट होईपर्यंत ठेवलं. या वीस मिनिटांत पातेल्यावर लक्ष ठेवा. पाणी आटून कोरडं पडलं तर केलेलं सगळं वाया जातं आणि थर आणखी पक्का बसतो.

पाणी कोमट झाल्यावर काळ्या डागाच्या कडेला बघा. कड भिजलेल्या पापडासारखी वर आली असेल तर पाणी आत शिरलंय. तिथून लाकडी उलथन्याची धार किंवा करवंटीचा तुकडा आडवा धरून हलकेच सरकवायचा. खाली टोचायचा नाही, बुडाला समांतर ढकलायचा. शेजारच्या पातेल्याचा अर्ध्याहून जास्त डाग पहिल्याच वेळी तुकड्यातुकड्यांनी निघाला. उरलेला हट्टी होता, त्याला परत पाणी, परत बारीक आच. कड वर आलेली नसेल तर खरवडायला जाऊच नका, अजून एकदा पाणी तापवा. शेवटी जी पुसट तपकिरी झाक राहिली ती वाळलेल्या गिलक्याच्या जाळीने आणि साध्या भांड्याच्या साबणाने गेली. काथ्याही चालतो. तारेची घासणी लावली नाही.

सोडा का नको, तेही सांगते, कारण तुम्हाला कोणी ना कोणी तो टाकायला सांगणारच. ॲल्युमिनियमवर आपोआप एक अतिशय पातळ ऑक्साइडचा थर असतो, तोच त्याला सांभाळतो. अल्कली, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराच्या, पाण्यात तो थर विरघळतो. खाण्याचा सोडा गार पाण्यात तसा सौम्य असतो, पण पाणी उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि त्याचा धुण्याचा सोडा होत जातो, जो कितीतरी तीव्र आहे. तो ऑक्साइडचा थर खातो, मग खालच्या धातूला लागतो. पाणी करडं होतं, पातेलं आतून काळपट पडतं आणि जास्त वेळ चाललं तर बारीक खड्डे पडतात. काळपटपणा काढता येतो, खड्डे भरून निघत नाहीत. पापडखार तर मुळातच खाण्याच्या सोड्यापेक्षा तीव्र. उन्हाळ्यात तो घरोघरी असतो, म्हणून मुद्दाम सांगते, जर्मनच्या पातेल्यात तो टाकू नका. काळ्या रंगाची हार्ड ॲनोडाइज्ड कढई असेल तर तिलाही हाच नियम, कारण तिचा काळा थर म्हणजे तोच ऑक्साइड, मुद्दाम जाड केलेला.

शेवटच्या पुसट डागाला चिमूटभर कोरडा सोडा ओल्या बोटाने चोळून लगेच धुतला तर पातेल्याचं काही बिघडत नाही. उकळणं आणि भिजत ठेवणं, हे दोन टाळायचे.

आता आपल्याकडची एक गोष्ट. बोअरचं पाणी जड असतं. ते जर्मनमध्ये तापवलं की सोडा न टाकताही आतून काळपट रेष येते, पाण्याची पातळी होती तिथपर्यंत. तशी आली तर घाबरू नका, आणि आधीच कोणी सोडा टाकून उकळला असेल तरीही उपाय तोच आहे: आंबट. घाट्याच्या दिवसांत घरात कैरी असतेच. दोन-तीन कैऱ्यांची सालं, नाहीतर लिंबाएवढी चिंच, रेषेच्या थोडं वर येईल एवढ्या पाण्यात टाकून दहा-पंधरा मिनिटं उकळा, गार झालं की ओतून धुऊन टाका. काळपटपणा बराचसा जातो. रात्रभर मात्र ठेवू नका, आंबटही ॲल्युमिनियमला खातंच. आणि सोडा आणि लिंबू एकत्र घालायचा जो प्रकार सांगतात, त्यात फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. करायचंच असेल तर एका वेळी एकच.

स्टीलच्या पातेल्याला लागलं असेल, विशेषतः दूध, वरण किंवा शेवभाजीचा रस्सा, तर सोडा खरोखर उपयोगी आहे. दुधातली प्रथिनं आणि रश्शातलं तेल नुसत्या पाण्याने सुटत नाही. गरम सोड्याच्या पाण्यात प्रथिनं सैल होतात आणि जळक्या तेलाचा थोडा साबण होतो. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा पुरतो. गार पाण्यातच मिसळा, उकळत्या पाण्यात टाकलात तर फसफसून ओट्यावर येईल. बारीक आचेवर पंधरा मिनिटं, मग कोमट होऊ द्या आणि लाकडाने ढकला. नंतर स्टीलवर इंद्रधनुष्यासारखे निळे-पिवळे डाग दिसले तर ती घाण नाही, उष्णतेचा डाग आहे. भांडं धुऊन त्यावर लिंबाची फोड फिरवा.

कल्हईच्या पितळी पातेल्याला सोडाही नको आणि करवंटीही नको. कल्हईचा थर मऊ असतो, तिथे फक्त कोमट पाणी आणि बोटं. आणि कोणतंही भांडं रिकामं गॅसवर ठेवून डाग जाळायचा प्रयत्न करू नका. कल्हईतलं कथील २३२ अंशांना वितळतं. जर्मनचं बूड वितळलं नाही तरी वाकतं.

तुमच्या पातेल्यात सगळं करूनही एखादा काळा ठिपका राहिला, तर त्यावरून बोट फिरवा. गुळगुळीत लागला तर राहू द्या, त्याने काही होत नाही. खरखरीत लागला, नखाला अडकला, तर पुढचा घाटा शिजवायच्या आधी आणखी एकदा पाणी तापवा, कारण खरखरीत जागी पीठ सगळ्यात आधी धरतं. आणि त्या दिवशी आच बारीक ठेवून सुरुवातीपासून बुडातून ढवळत राहा.