आधी जांघ बघ

अगं, रात्री दीडला पाठवलेला फोटो बघितला. ६८ वर्षांच्या आजी, दोन दिवस उलट्या, थांबून थांबून कळा, आणि तुझा प्रश्न, "सर, आयलियस म्हणू की ऑब्स्ट्रक्शन?" एक्स-रे उभं करून काढलास ते बरं केलंस, वर गॅस खाली पाणी अशी सरळ रेघ, म्हणजे लेव्हल, उभ्याने नीट दिसते. पोटाच्या मधोमध जिन्यासारख्या सहा-सात लेव्हल आहेत. आडव्या फिल्ममध्ये आतड्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेल्या बारीक रेघा बघ, ते लहान आतडं, आणि रुंदी ३ सेंमीच्या वर आहे. मोठ्या आतड्यात गॅस जवळजवळ नाहीच. आयलियसमध्ये आतडं कुठे अडकलेलं नसतं, नुसतं सुस्तावतं, म्हणून सहसा दोन्ही आतडी फुगतात आणि पोट गप्प असतं, तुझ्या आजींचं गुरगुरतंय. एखाददुसरी लेव्हल गॅस्ट्रोमध्येही दिसते, पण हे चित्र गॅस्ट्रोचं नाही, ऑब्स्ट्रक्शनचं आहे.

पण जांघ बघितलीस का? मेसेजमध्ये पल्स आहे, बीपी आहे, युरिन आहे, जांघ कुठेच नाही! पोटावर ऑपरेशनचा एकही व्रण नाही असं तूच लिहिलंस, म्हणजे आतडी चिकटून अडकल्याची शक्यता कमी, मग हर्निया शोधायला नको का? आणि तू टीबीच्या स्ट्रिक्चरवर पानभर लिहून बसलीस.

मी हेच केलं होतं. नऊवारीतल्या सडपातळ आजी, अशाच लेव्हल. मी रायल्स ट्यूब टाकली, सलाईन लावलं, सकाळी बघू म्हटलं. लुगडं सैल करायला त्या लाजल्या, मीही आग्रह धरला नाही, त्यांचा मान राखला असं वाटलं. एकटा होतो, वॉर्डात जमिनीवरही पेशंट होते, त्या रात्री माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी कदाचित हेच झालं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतोय. सकाळी सरांनी उजव्या जांघेत बोट ठेवलं, सुपारीएवढी कडक गाठ. फीमोरल हर्निया. उघडलं तेव्हा आतडं काळं पडलेलं, वीतभर कापावं लागलं. आजी नवव्या दिवशी गेल्या.

फिल्ममध्ये आतडं कुठे फुगलंय ते कळतं, ते मरतंय का ते बहुतेक वेळा कळत नाही. आतड्याचा अडकलेला तुकडा पाण्यानेच भरला असेल तर त्यात लेव्हलही दिसणार नाही. कळा थांबून दुखणं सतत व्हायला लागलं, पल्स सलाईन देऊनही १०० च्या खाली येईना, हात लावला की पोट कडक होतंय, तर सीटीची वाट बघत बसू नकोस, सर्जनला उठव.

आत्ता जा. सिस्टरना सोबत घे, पडदा ओढ, आजींना नीट समजावून सांग आणि दोन्ही जांघा पूर्ण उघड्या करून बघ, प्युबिक ट्युबरकलच्या खाली आणि बाहेरच्या बाजूला बोटाने चाचप, गाठ लहान असते, दुखतेच असं नाही, खोकल्यावर हलेलच असंही नाही. सापडली तर दाबून आत ढकलू नकोस, मला फोन कर. नाही सापडली तरी कर, आणि ट्यूबमधून किती आलं, हिरवं की शेणासारख्या वासाचं, तेही सांग.