म्युच्युअल फंड विकल्यावर पैसे मुदतीनंतर आले, तर व्याज कोणाकडून आणि कसं मागायचं?

प्रश्न: मी कोल्हापूरचा. एका गुंतवणुकीच्या अ‍ॅपवरून इक्विटी म्युच्युअल फंडाचे युनिट विकले. अ‍ॅपवर दोन दिवसांत पैसे येतील असं दाखवत होतं, प्रत्यक्षात दोन आठवडे उलटल्यावर आले. तक्रार केली तर 'असुविधेबद्दल क्षमस्व' एवढंच उत्तर आलं. उशिराची भरपाई मिळते का? कोणाकडे मागायची?

उत्तर:

मिळते, आणि ती तुमचा हक्क म्हणून मिळते. फक्त ती 'मनस्ताप झाला, काहीतरी द्या' अशी मागितली की क्षमस्वच येतं. नियमातलं व्याज, त्याचा दर, दिवस आणि रक्कम लिहून मागितली की उत्तराची भाषा बदलते. राजारामपुरीत माझं रिटर्न भरण्याचं आणि गुंतवणुकीच्या कागदपत्रांचं काम आहे, त्यामुळे असली प्रकरणं हाताखालून जातात.

आधी नियम. २०२२ च्या नोव्हेंबरात सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, परिपत्रक काढून फंड विकल्यानंतरचे पैसे देण्याची मुदत दहा कामकाजाच्या दिवसांवरून तीनवर आणली. परदेशी बाजारात किमान ८० टक्के गुंतवणूक करणाऱ्या योजनांना पाच दिवस दिलेत. ही मुदत चुकली तर उशिराच्या काळासाठी वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यायचं, आणि ते योजनेच्या पैशातून नव्हे, फंड कंपनीने स्वतःच्या खिशातून द्यायचं. तुम्हाला अ‍ॅपवर दिसलेले दोन दिवस वेगळे. १ फेब्रुवारी २०२३ पासून इक्विटी योजनांचे पैसे दोन दिवसांत द्यायचे असं फंड कंपन्यांनी अ‍ॅम्फी या आपल्या संघटनेमार्फत ठरवलं, ते हे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पैसे आले तर तक्रार करता येते, पण व्याजाचं मीटर सुरू होतं ते तिसरा कामकाजाचा दिवस संपल्यावर. मागणीपत्रात दोन दिवसांपासून व्याज मोजलंत तर समोरचा तेवढी एकच गोष्ट खोडून काढेल आणि बाकीचं पत्र बाजूला ठेवेल.

आता शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्यांचं प्रकरण सांगतो, कारण ते तुमच्या प्रकरणाच्या अगदी जवळचं आहे. हंगामाच्या तोंडावर गुऱ्हाळवाल्यांना उचल द्यायची म्हणून काकांनी इक्विटी फंडातले ३,६५,००० रुपये काढले. गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अ‍ॅपवर विक्रीचं बटण दाबलं. त्यांच्या मते शनिवारी पैसे यायला हवे होते. अ‍ॅपवाले म्हणायचे फंड कंपनीकडे विचारा, फंड कंपनी म्हणायची अ‍ॅपकडे विचारा. काका माझ्यासमोर फोनवर एकच वाक्य परत परत म्हणत होते, "पैसं कुठं अडकल्यात तेवढं सांगा की!" खरा प्रश्न तोच असतो. भरपाई कोणाकडे मागायची हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

ते शोधायला अ‍ॅपची स्क्रीन उपयोगाची नाही. फंडांचं रेकॉर्ड ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे कॅम्स किंवा केफिनटेककडे, पॅन आणि नोंदवलेला ईमेल देऊन खात्याचा उतारा मागवायचा. तो ईमेलवर फुकट येतो. त्यात युनिट कोणत्या तारखेच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या त्या दिवसाच्या भावाने, विकले गेले ते दिसतं. ज्या दिवसाचा एनएव्ही लागला तो तुमचा शून्य दिवस. इक्विटी फंडाला दुपारी तीनची वेळमर्यादा असते. काकांनी चार वाजून दहा मिनिटांनी ऑर्डर टाकल्यामुळे गुरुवार गेला आणि शुक्रवारचा एनएव्ही लागला. शनिवार-रविवार मोजत नाहीत. सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. म्हणजे बुधवारपर्यंत फंड कंपनीला नियमाने वेळ होता. मुंबईत बँका किंवा शेअर बाजार बंद असेल तो दिवसही वगळला जातो. आपल्याकडे जिल्ह्यापुरती स्थानिक सुट्टी असेल तर तिचा मात्र काही संबंध नाही.

पैसे आले पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. उशीर गुरुवारपासून त्या शुक्रवारपर्यंत, नऊ दिवस. व्याज मोजताना मधले शनिवार-रविवारही धरायचे, कारण दर वार्षिक आहे आणि भागायचं ३६५ ने. ३,६५,००० वर १५ टक्के म्हणजे वर्षाला ५४,७५० रुपये, दिवसाला १५० रुपये. नऊ दिवसांचे १,३५० रुपये. रक्कम छोटी वाटेल, पण हा व्यापाऱ्याचा पैसा आहे आणि तो दुसऱ्याने वापरायचा किंवा अडकवायचा काही कारण नव्हतं.

उतारा आला की पुढचा प्रश्न: फंड कंपनीने पैसे पाठवले कधी? त्यासाठी यूटीआर, म्हणजे बँकेतून पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, मागायचा. इथे तीन शक्यता निघतात आणि तिन्हींचा रस्ता वेगळा आहे.

यूटीआर वेळेतला असेल आणि तरी खात्यात पैसे दिसत नसतील, तर क्रमांक घेऊन आपल्या बँकेच्या शाखेत जा. एनईएफटीने आलेले पैसे बँकेने खात्यात उशिरा जमा केले तर रेपो दर अधिक २ टक्के या दराने व्याज बँकेनेच द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिथे फंड कंपनीशी भांडून उपयोग नाही.

पैसे पाठवले आणि परत गेले असतील, तर कारण वाचा. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुना आयएफएससी तसाच राहिला, खातं बंद होतं, नावात फरक होता, अशी कारणं असतील तर फंड कंपनी व्याज नाकारते आणि बहुतेक वेळा तिचं म्हणणं टिकतं. विक्रीच्या सुमारास बँक खातं बदलायचा अर्ज दिला असेल तर पडताळणीसाठी जास्तीचा वेळ लागतो, तोही इथेच धरला जातो.

तिसरी शक्यता, पैसे पाठवलेच नव्हते. काकांचं प्रकरण हे होतं. मागे लागल्यावर फंड कंपनीचा ईमेल आला की फोलिओतल्या, म्हणजे काकांच्या फंड खात्यात नोंदवलेल्या, बँक खात्यापुढे 'पडताळणी बाकी' अशी खूण होती म्हणून पैसे रोखले. पण त्याच खात्यातून खरेदी झाली होती, आणि खूण काढताना काकांकडून एकही नवा कागद कोणी मागितला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पैसे सुटण्यासाठी तुम्हाला काहीच करावं लागलं नसेल, तर अडथळा तुमच्या बाजूला नव्हता हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. तुमच्या बाबतीतही हेच आधी तपासा.

मग अ‍ॅपची जबाबदारी काहीच नाही का? आहे, पण दुसऱ्या ठिकाणी. १ जुलै २०२२ पासून विक्रीचे पैसे अ‍ॅपच्या किंवा ब्रोकरच्या खात्यातून फिरत नाहीत, फंडाकडून थेट तुमच्या बँकेत येतात. म्हणून पैसे थांबले तर १५ टक्क्यांची मागणी फंड कंपनीकडे. अ‍ॅपने ऑर्डरच उशिरा पुढे पाठवली असेल, म्हणजे तुम्ही दुपारी दोनला विकलं आणि उताऱ्यात दुसऱ्या दिवसाचा एनएव्ही लागला, तर तुमचं नुकसान दोन एनएव्हींमधला फरक गुणिले युनिट एवढं आहे आणि ते अ‍ॅपकडे मागायचं. त्याआधी ओटीपीने मंजुरी किती वाजता दिली ते पाहा, विशेषतः युनिट डीमॅटमध्ये असतील तर. मंजुरी तीननंतर दिली असेल तर ही मागणी टिकत नाही.

पत्र एकच लिहा आणि फंड कंपनीच्या गुंतवणूकदार तक्रार ईमेलवर पाठवून अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला त्याची प्रत द्या. दोघेही एकाच धाग्यात असले की चेंडू इकडून तिकडे टोलवता येत नाही. काकांसाठी मी लिहिलेल्या इंग्रजी पत्राचा मजकूर मराठीत साधारण असा होता:

"फोलिओ क्रमांक अमुक. अमुक तारखेच्या एनएव्हीने ३,६५,००० रुपयांच्या युनिटची विक्री झाली. पैसे देण्याची तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत अमुक तारखेला संपली. रक्कम अमुक तारखेला यूटीआर अमुकने जमा झाली. उशीर नऊ दिवस. सेबीच्या नियमानुसार वार्षिक १५ टक्के दराने १,३५० रुपये व्याज देय आहे. ते नोंदणीकृत बँक खात्यात जमा करावं. व्याज देय नाही असं आपलं म्हणणं असल्यास पैसे पाठवण्याचा पहिला प्रयत्न कोणत्या तारखेला झाला आणि तो कोणत्या कारणाने परत गेला, हे लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य गाळू नका. बँकेच्या माथी दोष मारायचा असेल तर त्यांना तारीख द्यावी लागते, आणि तारीख नसेल तर व्याज द्यावं लागतं. सोबत रजिस्ट्रारचा उतारा आणि बँक पासबुकाचं ते पान जोडा. अ‍ॅपचे स्क्रीनशॉट जोडायला हरकत नाही, पण वजन उताऱ्याला आहे.

काकांना १,२०० रुपये आले. कंपनीने पैसे सोडल्याच्या गुरुवारपर्यंत आठ दिवस धरले, खात्यात पडल्याच्या शुक्रवारपर्यंत नाही. त्या दीडशेसाठी त्यांनी पुढे वाद घातला नाही. मधल्या काळात गुऱ्हाळवाल्याला द्यायला त्यांनी दुसऱ्याकडून हातउसने घेतले होते, त्याचं व्याज मात्र या नियमात बसत नाही. तेच 'मनस्तापाची भरपाई' या मागणीचं. ती हवी असेल तर ग्राहक आयोगाचा वेगळा रस्ता आहे, आणि या रकमेसाठी तो मी सुचवणार नाही. तो मुद्दा या पत्रात मिसळला की स्पष्ट हिशेबाची मागणी भावनिक तक्रार होऊन बसते.

उत्तर आलं नाही किंवा पुन्हा क्षमस्वच आलं, तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर, scores.sebi.gov.in वर, पॅनने नोंदणी करून फंड कंपनीविरुद्ध तक्रार टाका, तोच धागा पीडीएफ करून जोडा. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांच्या आत तिथेच फेरतपासणी मागता येते, ती आधी अ‍ॅम्फीकडे आणि त्यानंतर सेबीकडे जाते. यानेही मिटलं नाही तर smartodr.in वर ऑनलाइन समेटाची सोय आहे. समेटाच्या टप्प्याला गुंतवणूकदाराला फी नाही, लवादापर्यंत गेलात तर फी लागते. मात्र स्कोअर्सवरची तक्रार चालू असताना तीच तक्रार तिथे टाकता येत नाही. स्कोअर्सवर घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, पण तुम्ही तेवढं थांबू नका. आज उतारा मागवा, यूटीआर विचारा आणि आकडा काढून पत्र पाठवा. एनएव्हीची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख इथे खाली लिहिलीत तर दिवस मी मोजून देतो.