फुगलेल्या नसा, शुक्राणू आणि ऑपरेशनची घाई

«ताई, मी इंदूरला राजवाड्याजवळ कापडाच्या दुकानात असतो. वय 31, बायको 28, लग्नाला दोन वर्षे झाली, मूल नाही. डावीकडे अंडकोषात नसा फुगल्यासारख्या लागतात, संध्याकाळी ओढ लागते. सोनोग्राफीत ‘व्हॅरिकोसील, ग्रेड 2’ आले. शुक्राणू मिलिलीटरला 90 लाख, सकाळचे टेस्टोस्टेरॉन 420. कोणी म्हणतो लगेच ऑपरेशन करा, जिममधला मित्र म्हणतो टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घे. घरचे मात्र बायकोच्याच तपासण्या करायला सांगतात. काय करू?»

भाऊ, इंजेक्शन मुळीच घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले, की मेंदूजवळची पियुषिका ग्रंथी वृषणांना कामाला लावणारी संप्रेरके पाठवणे जवळजवळ थांबवते. मग वृषणाच्या आतले टेस्टोस्टेरॉन घटते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावत कधी शून्यावर येते. इंजेक्शन बंद केल्यावर ती परत यायला कित्येक महिने, काही जणांना वर्षाहूनही अधिक काळ लागतो. मूल हवे असणाऱ्या पुरुषाने याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय 300 नॅनोग्रॅमच्या खाली आले तर आपण कमी म्हणतो. तुमचे 420 आहे. ज्यांचे मुळात कमी असते, त्यांचे टेस्टोस्टेरॉन नसांच्या शस्त्रक्रियेनंतर थोडे वाढलेले दिसते; तुमच्यासारख्यांना त्या बाबतीत विशेष लाभ होत नाही. म्हणून ऑपरेशनचा विचार केवळ शुक्राणूंसाठी करावा.

डाव्या वृषणाची शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. तिच्यातल्या झडपा नीट मिटेनाशा झाल्या, की उभे असताना रक्त खाली उतरून साचते. शुक्राणू घडायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते आणि साचलेले उष्ण रक्त नेमका तोच थंडावा मोडते. दिवसभर गिऱ्हाइकांसमोर थाने उलगडत उभे राहिल्यावर लागणारी तुमची ओढ याचीच आहे. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर उभे राहून हात लावा. गांडुळांच्या गुंडाळीसारखे मऊ काही लागेल आणि आडवे झालात की ते ओसरेल. आडवे होऊनही ते तसेच राहिले किंवा फुगवटा एकट्या उजवीकडेच असता, तर शीर वर कुठे दाबली जात आहे का, हे पाहण्यासाठी पोटाची आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी करावी लागली असती.

‘ग्रेड 2’ ही मुळात हाताने ठरवायची गोष्ट आहे: उभ्या माणसाला श्वास रोखून जोर न लावताही नसा हाताला लागतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या नसांचे ऑपरेशन करून फायदा होत नाही. म्हणून मूत्रविकारतज्ज्ञाने तुम्हाला उभे करून तपासले आहे का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न रिपोर्टचा. मिलिलीटरला 1 कोटी 60 लाखांच्या खालचा आकडा कमी धरतात, त्यामुळे तुमचा कमीच आहे. परंतु एका नमुन्यावर निर्णय घेऊ नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तेवढ्यात मोठा ताप येऊन गेला असला तरी आकडा घसरतो. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून काही आठवड्यांनी दुसरा नमुना द्या आणि त्यात हालचालीची टक्केवारीही पाहा.

त्याच काळात पत्नीच्या बीजोत्सर्गाची आणि गर्भनलिकांची तपासणी व्हावी, पण दोष शोधायला म्हणून नव्हे. नलिका बंद असल्या, तर टेस्ट ट्यूब बेबीचाच मार्ग उरतो आणि तुमच्या ऑपरेशनचे गणित बदलते. घरच्यांना सांगा, की तपासणी दोघांची एकाच वेळी व्हायला हवी. तिला एकटीला दवाखान्यात पाठवणे मला अन्यायाचे वाटते.

दोन्ही रिपोर्ट कमी आले, नसा हाताला लागल्या आणि तिच्या तपासण्या ठीक निघाल्या, तर शस्त्रक्रिया करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचे वय 28 असल्याने वाट पाहायला वेळ आहे. ती 37 वर्षांची असती, तर मी असे म्हटले नसते. सूक्ष्मदर्शकाखाली करणार का, हे सर्जनना अवश्य विचारा. जांघेतल्या दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून फुगलेल्या शिरा बांधतात, पण रोहिणी आणि लसिकावाहिन्या वाचवतात. रोहिणी दुखावली तर वृषण सुकण्याची भीती असते आणि लसिकावाहिन्या बांधल्या गेल्या तर नंतर पाणी साचून हायड्रोसील होते; सूक्ष्मदर्शकामुळे त्या वेगळ्या ओळखता येतात, म्हणून हा त्रास क्वचितच होतो.

त्यानंतर काही आठवडे थाने उचलू नका. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा रिपोर्ट करा. बहुतेकांचा आकडा वाढतो, सगळ्यांचा नाही. सहाव्या महिन्यातही सुधारणा नसली, तर त्याच रिपोर्टसह दोघांनी मिळून वंध्यत्वतज्ज्ञांना भेटावे.