y = x आणि y = x² यांच्यामधल्या भागाचा सेंट्रॉइड

प्रश्न: y = x ही रेषा आणि y = x² हा पॅराबोला यांच्यामधल्या भागाचा सेंट्रॉइड काढताना माझे ȳ = 1/10 येते, पुस्तकात मात्र 2/5 आहे. माझे कुठे चुकते?

पुस्तकातले उत्तर बरोबर आहे. तुम्ही बहुधा ½(x − x²)² याचे 0 ते 1 संकलन केले असावे, कारण त्याची किंमत 1/60 येते आणि तिला क्षेत्रफळाने, म्हणजे 1/6 ने, भागले की नेमके 1/10 मिळते.

एका उभ्या पट्टीचा विचार करा. तिची उंची x − x² आहे, पण ती x-अक्षावर उभी नसून पॅराबोलापासून सुरू होते आणि रेषेपाशी संपते, त्यामुळे तिचा मध्य अक्षापासून (x + x²)/2 एवढ्या उंचीवर असतो. तुमच्या सूत्रात हा मध्य (x − x²)/2 धरला गेला, म्हणजे प्रत्येक पट्टी जणू खाली सरकवून अक्षावर टेकवली गेली. मध्याची खरी उंची घेतली की गुणाकार ½(x² − x⁴) होतो आणि पुढचे हिशेब सरळ आहेत:

```
A = ∫₀¹ (x − x²) dx = 1/2 − 1/3 = 1/6
x̄ = 6 ∫₀¹ x(x − x²) dx = 6(1/3 − 1/4) = 1/2
ȳ = 6 ∫₀¹ ½(x² − x⁴) dx = 3(1/3 − 1/5) = 2/5
```

x̄ तर संकलन न करताही सांगता येतो. आकृती तिरपी असली तरी पट्टीची उंची x − x² = 1/4 − (x − 1/2)² अशी लिहिता येते, आणि ती x = 1/2 च्या दोन्ही बाजूंना सारखीच घटते.

1/10 हे उत्तर चूक आहे, हे पुस्तक न पाहताही ओळखता आले असते. या भागातले कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड पूर्णपणे त्या भागातच राहतो, आणि अशा आकृतीचा सेंट्रॉइड आतच असावा लागतो. (चंद्रकोरीसारख्या आकृतीला ही हमी देता येत नाही.) x = 1/2 वर हा भाग y = 1/4 पासून 1/2 पर्यंतच आहे, त्यामुळे 1/10 त्याच्या बाहेर, खाली पडते.

मला याहून आवडणारा पडताळा आर्किमिडीजचा आहे. पॅराबोला आणि त्याची जीवा यांच्यामधल्या भागाचा सेंट्रॉइड कुठे असतो, हे त्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केले होते. जीवेच्या मध्यातून पॅराबोलाच्या अक्षाला समांतर रेषा काढली, तर वक्रापासून जीवेपर्यंतच्या तिच्या तुकड्याला सेंट्रॉइड 3 : 2 या प्रमाणात विभागतो आणि मोठा भाग वक्राकडे असतो. इथे तो तुकडा (1/2, 1/4) पासून (1/2, 1/2) पर्यंतचा आहे, म्हणून ȳ = 1/4 + (3/5)(1/4) = 2/5.