गणित शिक्षक हवा आहे: माध्यम आणि डेमो मेसेजमध्ये कसं लिहायचं

प्रश्न: "आमची तालुक्याच्या गावाजवळ छोटी स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहे. पाचवी ते दहावी, सेमी. गणिताचे सर सोडून गेले. शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, फोन भरपूर आले, पण कामाचं कुणी मिळालं नाही. मेसेज नीट कसा लिहायचा? डेमो घेणार हे आधीच लिहावं का?"

डेमोचं आधीच लिहा, आणि कुठल्या वर्गावर, कुठल्या घटकावर, किती मिनिटं हेही लिहा. पण तुमची अडचण मला त्याच्या आधी, माध्यमाच्या ओळीतच दिसते. बहुतेक शाळा तिथे 'माध्यम: सेमी' एवढं लिहून मोकळ्या होतात, आणि सेमी प्रत्येक गावात वेगळं असतं. कुठे पहिलीपासून गणित इंग्रजीतून, कुठे पाचवीपासून, कुठे आठवीपासून. उमेदवाराच्या दृष्टीने यात फार फरक पडतो. मुलं सातवीपर्यंत लसावि, मसावि, लघुकोन, विशालकोन करून आली असतील, तर आठवीच्या शिक्षकाचं पहिल्या सत्रातलं बरंचसं काम जुने शब्द नव्या शब्दांना जोडून देण्याचं असतं. ते काम कुणाला जमतं आणि कुणाला नाही, हे पदवीवरून कळत नाही.

नुसतं 'सेमी' वाचून दोन प्रकारची माणसं चुकीचा अंदाज बांधतात. शहरात इंग्रजी माध्यमात शिकलेला उमेदवार समजतो की तास पूर्ण इंग्रजीत घ्यायचा, आणि तुमच्या वर्गात आल्यावर मुलं नुसती बघत बसतात. दुसरा उमेदवार तुमच्याच तालुक्यातला. शाळा मराठी माध्यमाची, बी.एस्सी.चं गणित मात्र इंग्रजीतून केलेलं. त्याला वाटतं, इंग्रजी फाडफाड बोलता येत नाही, आपल्याला कोण घेणार, आणि तो फोनच करत नाही. माझ्या मते तुम्हाला हवा असलेला माणूस बहुधा हा दुसराच असतो, आणि जुन्या मेसेजने तुम्ही त्यालाच परत पाठवलं असेल.

म्हणून माध्यम तीन गोष्टींत फोडून लिहा: पुस्तक आणि प्रश्नपत्रिका कुठल्या भाषेत, फळ्यावर काय, आणि समजावून सांगायचं कशात. दहावीला बोर्डाचे गणिताचे दोन पेपर ४०-४० गुणांचे आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. सेमीची मुलं हे पेपर इंग्रजीत सोडवतात, म्हणजे सराव परीक्षेचे पेपर तुमच्या शिक्षकाला इंग्रजीत काढता आणि तपासता आले पाहिजेत. बोलण्याची सफाई कमी असली तरी चालेल, हे मेसेजमध्ये सरळ लिहायला काय हरकत आहे?

पात्रतेबद्दल थोडक्यात. पहिली ते आठवीसाठी टीईटी लागते. सहावी ते आठवीला गणित शिकवायचं तर पेपर २, गणित-विज्ञान. पाचवी मात्र पेपर १ मध्ये येते, त्यामुळे या जागेला पाचवी जोडू नका, ती प्राथमिककडच्या शिक्षकांकडे राहू दे. नववी-दहावीसाठी बी.एस्सी., बी.एड. हे तुम्हाला माहीतच आहे. आणि हे सगळं तुमची शाळा स्वयंअर्थसहाय्यित आहे म्हणून. अनुदानित पद असतं तर भरती पवित्र पोर्टलवरून, बिंदुनामावली तपासून करावी लागली असती. ग्रुपवरच्या मेसेजने ते पद भरता येत नाही. वाचणाऱ्यांत अनुदानित शाळेचे कुणी असतील तर त्यांनी खालचा नमुना उचलू नये.

मी तुमच्या जागी असतो तर असा मेसेज टाकला असता. आकडे, तारखा तुमच्या घाला.

"गणित शिक्षक/शिक्षिका, १ जागा, पूर्णवेळ. (शाळेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा). स्वयंअर्थसहाय्यित शाळा. वर्ग: ७ वी ते १० वी, प्रत्येकी एक तुकडी. माध्यम: शाळा मराठी, ८ वीपासून गणित सेमी. पुस्तक, फळ्यावरील संज्ञा व प्रश्नपत्रिका इंग्रजीत, समजावून सांगणे मराठीत. ७ वीला पूर्ण मराठी. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी अवश्य संपर्क साधावा. पात्रता: बी.एस्सी. (गणित), बी.एड., टीईटी पेपर २ (गणित-विज्ञान). मानधन: दरमहा १८,००० ते २२,००० रु., अनुभवानुसार. डेमो पाठ: ८ वीच्या प्रत्यक्ष वर्गावर, ३५ मिनिटे, घटक 'समांतर रेषा व छेदिका' (पहिली तासिका). शनिवार २० जून २०२६ किंवा सोमवार २२ जून २०२६, आधी फोन करून वेळ ठरवावी. डेमो एकदाच होईल, त्याच दिवशी मुलाखत. येण्या-जाण्याचे एसटी भाडे शाळा देईल. मूळ कागदपत्रे फक्त पाहून परत केली जातील, अनामत घेतली जात नाही. संपर्क: मुख्याध्यापक, (क्रमांक), दुपारी १ ते ५. हा मेसेज २२ जून २०२६ नंतर ग्राह्य धरू नये."

लांब वाटेल, पण नोकरी शोधणारा माणूस हे सगळं वाचतो. मानधनाचा आकडा लिहायला संस्थाचालक कचरतात. 'योग्यतेनुसार' लिहिलं की येणारे निम्मे फोन फक्त आकडा विचारायला येतात, आणि खरा उमेदवार दुसऱ्या शाळेत रुजू होतो. अनामत आणि मूळ कागदपत्रांची ओळ काहींना खटकेल. लहान शाळांत प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्याचे प्रकार बऱ्याच जणांनी पाहिलेले असतात, त्यामुळे ती ओळ वाचून माणूस निवांत होतो. तारखेत वर्ष हवंच. फॉरवर्ड झालेले मेसेज दोन-दोन वर्षं फिरतात आणि भरलेल्या जागेसाठी फोन येत राहतात. मेसेज फोटो करून टाकू नका, साधा मजकूर टाका. ग्रुपवर 'गणित' किंवा तालुक्याचं नाव शोधलं की तोच सापडतो.

आता डेमो. बऱ्याच ठिकाणी तो रिकाम्या वर्गात, समोर संस्थेची तीन-चार मंडळी बसवून घेतात. त्यात उमेदवाराचा आवाज आणि अक्षर दिसतं, शिकवणं दिसत नाही. मुलं समोर हवीतच. म्हणून जागा एप्रिलमध्ये, सुटी लागण्याआधी भरणं सर्वांत सोयीचं. ते हुकलं असेल तर जूनमध्ये शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा. मेमध्ये शिक्षकांचीच मुलं गोळा करून बसवलेला वर्ग हा काही खरा वर्ग नव्हे.

घटक मी मुद्दाम 'समांतर रेषा व छेदिका' घेतला. आठवीत इथेच मुलांसमोर एकदम बऱ्याच नव्या इंग्रजी संज्ञा येतात. संगत कोन म्हणजे करस्पाँडिंग अँगल्स, व्युत्क्रम कोन म्हणजे अल्टरनेट अँगल्स, आंतरकोन म्हणजे इंटिरिअर अँगल्स. उमेदवार भाषेचा हा सांधा कसा जुळवतो ते १० मिनिटांत दिसतं. एका शाळेत निवड समितीवर बसलो होतो, तेव्हा याच घटकावर लागोपाठ दोन डेमो पाहिले. पहिल्या उमेदवाराने सुंदर अक्षरात इंग्रजी व्याख्या फळ्यावर लिहिली, मुलांनी उतरवून घेतली. सगळं शांत, शिस्तीत. समितीतल्या एकांना तेच आवडलं. दुसऱ्या बाईंनी आकृती काढली, छेदिकेवरून बोट फिरवत मराठीत विचारलं, "दोन्ही चौकांत तीच जागा असलेले कोन कुठले?" मुलांनी कोन दाखवल्यावर त्यांनी बाजूला इंग्रजी संज्ञा लिहिली, आणि पुढची पाच मिनिटं तीच संज्ञा वापरून बोलल्या. आधी कल्पना मराठीत, मग नाव इंग्रजीत. सेमीच्या वर्गात मला हाच क्रम चालताना दिसला आहे.

पण खरी परीक्षा पुढे आहे, आणि ती तुम्ही मागच्या बाकावर बसून करू शकता. दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, उमेदवार समांतर रेषा नेहमी आडव्याच काढतो का? तसं असेल तर रेषा तिरक्या किंवा उभ्या आल्या की मुलांना संगत कोन सापडत नाहीत, कारण त्यांनी कोन ओळखायला शिकलेलंच नसतं, त्यांनी चित्र पाठ केलेलं असतं. दोन, तास संपत आला की एखाद्या मुलाकरवी किंवा स्वतः विचारा, "सर, रेषा समांतर नसतील तर संगत कोन असतात का?" उत्तर आहे, असतात. छेदिकेने दोन रेषा कापल्या की कोनांच्या जोड्या तयार होतातच. त्या जोड्या समान असणं मात्र रेषा समांतर असण्यावर अवलंबून आहे. मुलांच्या डोक्यात 'संगत कोन म्हणजे समान कोन' असं घट्ट बसतं आणि नववीत भूमितीच्या सिद्धतांमध्ये ते आडवं येतं, कारण जे सिद्ध करायचं तेच ती गृहीत धरून बसतात. जो उमेदवार लगेच दोन असमांतर रेषा काढून दाखवतो आणि मुलाला कोनमापकाने दोन्ही कोन मोजायला लावतो, त्याचं विषयज्ञान पक्कं आहे असं समजा. 'नाही, नसतात' म्हणणारा किंवा 'ते आपल्या पुस्तकात नाही' म्हणून उडवून लावणारा दहावीला तुम्हाला अडचणीत आणेल.

चुकीचं उत्तर आलं की उमेदवार काय करतो, तेही पाहा. मुलगा व्युत्क्रम कोनाऐवजी विरुद्ध कोन दाखवेल, हमखास दाखवेल. "चूक, बस खाली, पुढचा सांग" असं झालं तर लिहून ठेवा. "तुझे दोन्ही कोन एकाच चौकात आहेत, आपल्याला दोन चौकांतले हवेत" असं झालं तर तेही लिहून ठेवा. एवढी टिपणं पुरतात. २० रकान्यांचे गुणतक्ते भरत बसलं की वर्गाकडे पाहायला वेळ उरत नाही.

तास झाल्यावर मुलांना "सर आवडले का" विचारू नका. त्याऐवजी एक तिरकी आकृती देऊन एक संगत कोन आणि एक व्युत्क्रम कोन ओळखायला सांगा, कागद गोळा करा, आणि उमेदवार मुलाखतीला येण्याआधी चाळून घ्या. मुलाखतीत त्यालाच ते कागद दाखवून "उद्याचा तास तुम्ही कुठून सुरू कराल?" हे विचारा.

दोनच उमेदवार आले तर घाबरू नका, असा मेसेज टाकल्यावर फोन कमीच येतात. एकही पसंत पडला नाही तर घाईने वर्षभरासाठी कुणाला घेण्यापेक्षा सहामाहीपर्यंत जवळच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षकांना तासिका तत्त्वावर विचारा आणि दिवाळीच्या सुटीआधी पुन्हा मेसेज टाका, अर्थात डेमोच्या तारखा सुटी लागण्याआधीच्या ठेवून. आणि निवड झाली की त्याच ग्रुपवर 'जागा भरली' टाका, डेमोला आलेल्या बाकीच्यांना स्वतः फोन करून कळवा. तालुक्यात गणिताची माणसं मोजकीच असतात. यंदा न निवडलेल्याला पुढच्या जूनमध्ये तुम्हालाच फोन करावा लागू शकतो.