मेलफॅलनच्या दिवशी बर्फ विसरू नका

ताई, मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी स्वतःच्याच मूळ पेशींचं ट्रान्सप्लांट मीही करून घेतलंय, म्हणून त्याबद्दलच्या तुमच्या प्रश्नांना सविस्तर उत्तरं देते.

बर्फ खरंच लागतो का?
हो, आणि कंटाळा करू नका. मेलफॅलन, म्हणजे पेशी चढवण्याआधी देतात ते केमोचं औषध, सुरू होण्याआधीपासून ते संपल्यानंतरही काही वेळ बर्फाचे तुकडे तोंडात घोळवत राहायचं. गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि तोंड कमी सोलतं. किती वेळ चघळायचा, ते नर्सना विचारा.

पेशी चढवल्या की बरं वाटतं का?
लगेच नाही. चढवताना रक्त चढवल्यासारखंच असतं. पेशी गोठवण्याच्या द्रवामुळे श्वासाला एक-दोन दिवस लसणासारखा वास येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. कठीण दिवस त्यानंतर येतात. साधारण पाचव्या दिवसापासून पांढऱ्या पेशी तळाला जातात, जुलाब लागतात, अन्न नकोसं होतं. बहुतेकांचे न्यूट्रोफिल्स, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १० ते १४ दिवसांत ५०० च्या वर टिकू लागतात, म्हणजे पेशी रुजल्या.

घरी आल्यावर?
थकवा तीन-सहा महिने राहतो. नुसत्या अंघोळीनेही आडवं व्हावंसं वाटतं. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा. आपल्या मनाने पॅरासिटामॉल घेऊ नका, ताप दबतो पण संसर्ग वाढत राहतो. नागीण टाळण्यासाठीचं असायक्लोव्हिर डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवा. जुन्या लसींचं संरक्षण ओसरतं, त्यामुळे लसीकरण साधारण सहा महिन्यांनी पुन्हा सुरू होतं.