जर्मनीतल्या भावाने सही नाकारली, तेव्हा

«मी नाशिकचा आहे. जर्मनीत एम.एस.ला प्रवेश मिळाला आहे. तिथल्या चुलतभावाला स्पॉन्सर लेटरवर फक्त सही करायला सांगितले, तर त्याने सरळ नकार दिला. चांगला पगार असून एका सहीला एवढे काय? घरी सगळे नाराज आहेत. त्याचे मन कसे वळवावे?»

मीही नाशिकचाच असून बरीच वर्षे जर्मनीत आहे, आणि माझ्या मावसभावाच्या मुलाला मी अशीच सही नाकारलेली आहे. त्यामुळे उत्तर तुमच्या भावाच्या बाजूने झुकलेले वाटले, तर तसे ते आहेच.

आपल्याकडे दोन वेगळ्या कागदांना «स्पॉन्सर लेटर» हे एकच नाव पडले आहे. «हा माझा भाऊ आहे, माझ्याकडे उतरेल» असे साधे निमंत्रणपत्र कोणीही लिहून देऊ शकतो, पण विद्यार्थी व्हिसासाठी पैशांचा पुरावा म्हणून ते चालत नाही. चालते ते हमीपत्र, ज्याला इथे फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. ते घरी बसून लिहायचे नसते. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेळ घेऊन, पगाराच्या पावत्या व घरभाड्याचा करार घेऊन जायचे, २९ युरो भरायचे आणि अधिकाऱ्यासमोर छापील अर्जावर सही करायची. त्या अर्जात राहणे-खाणे, आजारपण, शुश्रूषा आणि वेळ पडल्यास मायदेशी परत पाठवण्याचा खर्च हे सारे येते, आणि रकमेला वरची मर्यादा लिहिलेली नसते.

निवास कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे ही जबाबदारी प्रवेशाच्या दिवसापासून पाच वर्षे राहते. विद्यार्थ्याला नोकरीसारख्या वेगळ्या कारणासाठी परवाना मिळाला तर ती आधी संपते; पण त्याने शिक्षण अर्धवट सोडले किंवा फोन उचलणे बंद केले, एवढ्याने संपत नाही. विमा चालू असेल तोवर रुग्णालयाचे बिल विमा कंपनी भरते. हप्ते थकले आणि सरकारी पैशातून खर्च झाला, तर तो हमीदाराकडून वसूल होतो. भाऊ रागावला म्हणून नंतर सही मागे घेता येत नाही.

आता पगाराचे. माझ्या हातात तेव्हा महिन्याला साधारण ३,६०० युरो येत. पत्नी कमावती नव्हती, मुले दोन. अशा कुटुंबाच्या पगारातले आजच्या दराने सुमारे २,८०० युरो कर्जवसुलीसाठीही जप्त करता येत नाहीत, आणि वरच्या आठशेतलाही थोडाच भाग जप्त होऊ शकतो. विद्यार्थ्याचा खर्च सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरो धरला जातो. हमीदाराची ऐपत कार्यालये बहुधा या जप्तीच्या हिशेबानेच तपासतात. म्हणजे नाशिकहून पाहता गडगंज वाटणाऱ्या माझ्या पगारावर, मी तयार असतो तरी, हमीपत्र मिळणे अवघडच होते. तुमच्या भावाने हा हिशेब घरात सांगितला नसेल. आपला पगार नातेवाइकांपुढे उलगडून ठेवायला कोणालाच आवडत नाही.

माझी चूक नकाराची नव्हती, उशिराची होती. मी तीन आठवडे «पाहतो, विचारतो» म्हणत राहिलो, आणि तेवढ्या काळात त्या मुलाने दुसरी कसलीही सोय केली नाही. शेवटी वहिनींना फोन करून स्पष्ट सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, «मग आधीच सांगायचं होतं ना, भाऊजी.» त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्या भावाने लगेच सांगितले, हे त्याने तुमच्यावर केलेले उपकारच समजा.

त्या मुलाने पुढे ब्लॉक्ड अकाउंट उघडले. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी ठेवायचे आणि इथे आल्यावर दरमहा ९९२ काढायचे. दिंडोरीकडच्या द्राक्षांचे पैसे एप्रिलमध्ये हाती आले, उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज घेतले, आणि दोन लाख रुपये मी दिले. ते बुडाले असते तर माझे दोनच लाख बुडाले असते. पहिले दोन महिने तो आमच्याकडे राहिला. त्यासाठी घरमालकाची परवानगी आणि पत्ता नोंदवण्यासाठी त्याच्या सहीचा दाखला मी आधीच मिळवून ठेवला होता.

तेव्हा भावाचे मन वळवण्याच्या मागे लागू नका. त्याला इतकेच विचारा, की ब्लॉक्ड अकाउंटमध्ये कमी पडणाऱ्या रकमेपैकी किती तो उसनी देऊ शकेल आणि पत्ता नोंदवण्यापुरते त्याच्याकडे राहता येईल का. बँकेतली कर्जाची फाइल मात्र या आठवड्यातच हलवा, कारण मंजुरीला वेळ लागतो आणि पैसे खात्यात पोहोचल्याचा दाखला व्हिसाच्या अर्जासोबत द्यावा लागतो.